गच्चीची दुरुस्ती आणि दोन दरपत्रके

परगावी राहणाऱ्या घरमालकाला आपल्या घराची खबर बहुधा पत्रातूनच कळते, आणि त्या पत्रात पैशाची मागणी असली म्हणजे ते दोनदा वाचले जाते. पुण्यात एखादी तीन मजली इमारत आहे, ती १९७८ साली बांधलेली आहे, तिच्यात सहा बिऱ्हाडे भाड्याने राहतात, आणि मालकीणबाई शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन इंदुरास मुलीकडे असतात, अशी कल्पना करावी. भाडे गोळा करणे, नळ-दिवे पाहणे, कर भरणे ही कामे एक व्यवस्थापक मासिक वेतनावर करतो. जानेवारीच्या अखेरीस त्याच्याकडून बाईंना एक टिपण येते: ‘सा. न. वि. वि. गच्ची गळत असून वरच्या मजल्याचे छत खराब झाले आहे. दोन दरपत्रके सोबत जोडली आहेत. एक २,१०,००० रुपयांचे व दुसरे ६,३७,२०० रुपयांचे आहे. दुसरे अधिक चांगले वाटते. संमती कळवावी.’

या टिपणात खोटे काहीच नाही. तरीही ते निरुपयोगी आहे. बाईंनी त्यावरून काय ठरवावे? त्यांना दिसते ते एवढेच, की एक रक्कम दुसरीच्या तिप्पट आहे आणि व्यवस्थापकाला मोठी रक्कम पसंत आहे. अशा वेळी माणूस दोहोंपैकी एक गोष्ट करतो. लहान आकड्यावर बोट ठेवतो, किंवा मोठ्या आकड्याच्या मागे कोणाचा तरी स्वार्थ असावा असा संशय धरतो. दोन्ही वेळा निर्णय आकडा पाहून होतो, गच्ची पाहून होत नाही. हेच टिपण कसे लिहावयास हवे होते, याचा विचार केला म्हणजे दुरुस्तीच्या व्यवहारातील पुष्कळ गोष्टी उलगडतात. पुढील उदाहरणातील दर व रकमा कल्पिलेल्या आहेत. ठिकाण व काळ यांप्रमाणे त्या बदलतील. पण त्या मांडण्याची रीत बदलत नाही.

चांगल्या टिपणाचा आरंभ रकमेने होत नाही. तो घडलेल्या गोष्टीने होतो. वरच्या मजल्यावरील एका बिऱ्हाडात स्वयंपाकघराच्या छताचा तळहाताएवढा तुकडा ओट्यावर पडला. पहाटेची वेळ असल्याने तेथे कोणी नव्हते. दोन तासांनी त्याच ओट्यापाशी घरातील बाई चहा करीत उभ्या राहिल्या असत्या. तुकडा पडला त्या जागी गंजलेली सळई उघडी दिसत होती. हे वाक्य टिपणात पहिले यावयास हवे. कारण प्रश्न छतावरील डागांचा नसून माणसांच्या डोक्यावरील काँक्रीटचा आहे, हे मालकाला त्यावाचून कळत नाही.

त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट सांगावयाची, ती ही की संमतीची वाट न पाहता काय केले. व्यवस्थापकास दहा हजार रुपयांपर्यंतचा खर्च स्वतःच्या अधिकारात करण्याची मुभा आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून वरच्या दोन्ही बिऱ्हाडांची छते हातोडीने ठोकून पाहिली. निरोगी काँक्रीट ठणठणीत वाजते. जेथे ते सळईपासून सुटलेले असते तेथे पोकळ, बद्द असा आवाज येतो. सैल झालेले भाग त्याने पाडून घेतले, पोकळ वाजणाऱ्या जागांभोवती खडूने रेघा ओढल्या, त्यांची मापे घेतली आणि त्यांच्या खालची पलंगाची व पाळण्याची जागा हलविण्यास भाडेकरूंना सांगितले. मापे मिळून १५० चौरस फूट भरली. जे काम आजच झाले पाहिजे ते मंजुरीसाठी अडवून ठेवावयाचे नसते. ते करून कळवावयाचे असते. मंजुरी मागावयाची ती उरलेल्या कामाची.

यानंतर कारणाचा विचार येतो. घाईने लिहिलेल्या टिपणांत हाच भाग बहुधा गाळला जातो. ‘गच्ची गळते’ हे निदान नव्हे; ती तक्रार आहे. छतात पाणी दिसले तर ते पावसाचे असू शकते, गच्चीवरील टाकीचे असू शकते किंवा भिंतीतून उतरणाऱ्या नळाचेही असू शकते. टाकी गळत असताना सबंध गच्ची नवी केली तर पैसा जातो आणि ओल राहते. म्हणून व्यवस्थापकाने एका रात्री टाकीत येणारा व टाकीतून जाणारा असे दोन्ही नळ बंद करवून पाण्याच्या पातळीवर खूण केली. सकाळी पातळी खुणेवरच होती. टाकीपासून उतरणारे नळही तपासून झाले. मग गच्चीचा एक चौरस फुटाचा भाग फोडून पाहिला.

पुण्या-मुंबईकडील जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा थर सिमेंटच्या मसाल्यात बसवून, त्याला उतार देऊन, वर सिमेंटचा गुळगुळीत थर घोटलेला असतो. याला ब्रिकबॅट कोबा म्हणतात. तो चांगला केलेला असेल तर पुष्कळ वर्षे टिकतो. परंतु वरच्या थराला भेगा पडल्या म्हणजे पावसाचे पाणी आत शिरते आणि विटा ते शोषून ठेवतात. वरचा थर घोटलेला असल्याने ते पाणी सहज वर उडून जात नाही. ते हळूहळू खाली स्लॅबमध्ये झिरपत राहते. या गच्चीचा कोबा फोडला तेव्हा पाऊस संपून तीन महिने होऊन गेले होते, तरी आतील विटा हाताला ओल्या लागल्या. वरून कोरडी दिसणारी ही गच्ची आतून भिजलेल्या स्पंजासारखी झाली होती. दोन दरपत्रकांतील खरा फरक या ओल्या विटांपाशी सुरू होतो.

स्लॅबमध्ये काय घडत होते, ते पाहण्यासाठी एका बांधकाम अभियंत्याला बोलाविले. ताज्या काँक्रीटमध्ये तीव्र क्षारधर्म असतो आणि त्याच्या आश्रयाने आतील लोखंड गंजत नाही. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरत राहतो व हा क्षारधर्म पृष्ठभागापासून आत कमी कमी होत जातो. तो सळईपर्यंत नाहीसा झाला आणि तेथे ओलही पोचली, की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो सभोवारच्या काँक्रीटला आतून रेटतो, भेग पडते आणि अखेर तुकडा सुटतो. याची परीक्षा सोपी आहे. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव शिंपडला तर क्षारधर्म शिल्लक असेल तेथे गडद गुलाबी रंग चढतो; नसेल तेथे रंग येत नाही. येथे पडलेल्या भागांत सळईच्या मागेपर्यंत रंग आला नाही, पण निरोगी वाजणाऱ्या भागांत सळईभोवती तो स्पष्ट आला. सळयांची जाडीही फारशी घटलेली नव्हती. अभियंत्याने लेखी मत दिले की स्लॅब वाचविण्याजोगी आहे, मात्र ओल थांबली पाहिजे आणि बिघडलेला भाग सळईच्या मागेपर्यंत काढून पुन्हा भरला पाहिजे.

एवढे कळल्यावरच दरपत्रके हाती घ्यावीत. पहिला कंत्राटदार म्हणतो की जुना कोबा तसाच ठेवून भेगा भराव्यात, त्यावर जलरोधक रसायनाचे तीन हात द्यावेत आणि खालच्या छताला जेथे तुकडे पडले तेथे गिलावा करावा. रक्कम २,१०,००० रुपये, कर वेगळा, हमी पाच वर्षांची. दुसरा म्हणतो की जुना कोबा पूर्ण काढावा, स्लॅब उघडी करून दुरुस्त करावी व नवा कोबा घालावा. त्याचे दर बाबवार आहेत. १,५०० चौरस फूट कोबा फोडून राडारोडा वाहून नेण्याचे ९०,०००, स्लॅबच्या १५० चौरस फुटांच्या दुरुस्तीचे १,०५,०००, उतारासह नव्या कोब्याचे २,८५,०००, आणि नळांची तोंडे, पन्हळी व कठड्यालगतचे सांधे यांचे ६०,०००. बेरीज ५,४०,००० रुपये. तीवर १८ टक्क्यांप्रमाणे ९७,२०० रुपये कर धरून एकूण ६,३७,२०० रुपये. हमी दहा वर्षांची.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून त्यांची वजाबाकी करणे ही या व्यवहारातील सर्वांत सामान्य चूक होय. दोघांनी एकाच कामाचा दर दिलेला नाही. पहिल्याच्या रकमेत कर नाही. तो मिळविला म्हणजे २,४७,८०० रुपये होतात. त्याहून महत्त्वाचे असे की पहिल्याने स्लॅबची दुरुस्ती धरलेलीच नाही. त्याने गिलावा धरला आहे. गंजलेल्या सळईवर साधा गिलावा केला तर छत पहिल्यासारखे दिसते, परंतु झाकलेल्या सळईचा गंज वाढतच राहतो आणि तो गिलावा पुढे केव्हातरी आपल्या बरोबर आणखी काँक्रीट घेऊन खाली येतो. खऱ्या दुरुस्तीत आधी स्लॅबला खालून टेकू द्यावे लागतात. सळईच्या मागे बोट जाईल इतके काँक्रीट काढावे लागते, सळई तारेच्या ब्रशाने उजळ होईपर्यंत घासावी लागते, तिच्यावर गंजरोधक लेप द्यावा लागतो आणि मग पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने भरावा लागतो. ओट्यावर पडलेल्या तुकड्यास हेच उत्तर आहे. म्हणून कोणताही मार्ग स्वीकारला तरी हे काम टळत नाही. दुसऱ्याच्याच दराने ते पहिल्याच्या रकमेत मिळविले, तर करासह १,२३,९०० रुपये वाढतात आणि पहिला मार्ग ३,७१,७०० रुपयांचा होतो.

आता तुलना खरी झाली. कागदावर ४,२७,२०० रुपयांचे दिसणारे अंतर वस्तुतः २,६५,५०० रुपयांचे आहे. मालकाने ठरवावयाचे ते एवढेच, की या जास्तीच्या २,६५,५०० रुपयांत काय मिळते आणि ते आपल्याला हवे आहे काय.

मिळते ते असे. ओला कोबा निघून जातो. तो तसाच ठेवून वर रसायनाचे हात दिले तर नवे पाणी काही काळ येत नाही, हे खरे; पण आत साठलेल्या पाण्यास वरचा मार्ग अधिकच बंद होतो. उन्हाने त्याची वाफ झाली की ती लेपाला फोड आणते, आणि लेप सुटला नाही तर ते पाणी खाली नव्याने दुरुस्त केलेल्या स्लॅबमध्ये उतरते. शिवाय असा लेप उन्हात उघडा राहतो, त्यावरून माणसे चालतात, वाळवणे पडतात. काही वर्षांनी तो पुन्हा द्यावाच लागतो. पाच वर्षांची हमी कागदावर असली तरी ती लेपाची असते, ओल्या विटांची नसते. ‘आधारपृष्ठ कोरडे असल्यास’ अशा अर्थाची अट तिच्यात बारीक अक्षरात बहुधा असतेच. म्हणून हमी किती वर्षांची हे पाहण्यापूर्वी ती कशाची आहे हे वाचावे.

येथे एक तिसरी सूचना हटकून पुढे येते. जुना कोबा फोडण्याचा खर्च व धूळ कशाला, त्याच्याच वर नवा कोबा घालावा, असे एखादा गवंडी सुचवितो. १,५०० चौरस फुटांवर चार इंच जाडीचा थर म्हणजे ५०० घनफूट माल झाला आणि त्याचे वजन पंचवीस टनांहून अधिक भरते. गंज धरलेल्या जुन्या स्लॅबच्या माथ्यावर एवढे कायमचे ओझे नव्याने चढविणे धोक्याचे आहे. टिपणात ही सूचना दोन ओळींत नोंदवून ती का सोडली हे सांगितले, तर मालकाला तीच गोष्ट दुसऱ्या कोणाकडून ऐकून शंका येण्याचे कारण उरत नाही.

मग शिफारस. ती स्पष्ट असावी: ‘दुसरे दरपत्रक स्वीकारावे.’ परंतु तिच्याबरोबर तिच्या मर्यादाही लिहिल्या पाहिजेत. १५० चौरस फुटांचे माप खालून ठोकून घेतलेले आहे. कोबा निघाल्यावर स्लॅब वरून दिसेल तेव्हा हे क्षेत्र वाढण्याचा संभव आहे. ते २२५ चौरस फुटांपर्यंत गेले तर करासह ६१,९५० रुपये अधिक लागतील. म्हणून मंजुरी ६,३७,२०० रुपयांची न मागता ७,००,००० रुपयांच्या मर्यादेत मागावी, आणि त्याबरोबरच लिहून द्यावे की क्षेत्र २२५ चौरस फुटांच्या पुढे गेल्यास काम थांबवून अभियंत्यास पुन्हा बोलाविले जाईल व मालकाला विचारल्यावाचून पुढे जाणार नाही. अडचण निघाल्यावर अर्ध्या कामात पुन्हा पैसे मागणे मालकाला जितके खुपते, तितकी आधी सांगितलेली मर्यादा खुपत नाही.

पैसे देण्याची रीतही येथेच ठरते. कोबा व राडारोडा निघाल्यावर एक हप्ता, स्लॅबची दुरुस्ती अभियंत्याने पाहिल्यावर दुसरा, आणि नवा कोबा झाल्यावर तिसरा. त्या तिसऱ्या हप्त्यापूर्वी पन्हळींची तोंडे बंद करून गच्चीत पाणी दोन दिवस कोंडून ठेवावयाचे व खालच्या छतावर ओल येते काय ते पाहावयाचे. रकमेचा दशांश, म्हणजे सुमारे ६४,००० रुपये, ऑक्टोबरअखेरपर्यंत राखून ठेवावयाचा. कारण गच्चीची खरी परीक्षा पावसाळा घेतो, कंत्राटदाराचे प्रमाणपत्र घेत नाही. वेळेचाही हिशेब असतो. फोडणे, दुरुस्ती, नवा थर आणि तो थर उन्हात तडकू नये म्हणून पाण्याने भिजता ठेवण्याचे दिवस मिळून सात-आठ आठवडे लागतात. मार्चच्या मध्यापर्यंत आरंभ झाला नाही तर काम जूनच्या तोंडाशी येते, आणि उघड्या स्लॅबवर पाऊस पडणे ही सर्वांत वाईट गोष्ट होय. शिवाय दोन्ही दर तीस दिवसांपुरतेच बांधलेले आहेत. म्हणून ‘लवकर कळवावे’ असे न लिहिता ‘२० फेब्रुवारीपर्यंत कळवावे’ असे लिहावे आणि तारखेचे कारणही सांगावे.

आणखी दोन वाक्ये अशा टिपणात असावीत. ती लिहिण्यास मात्र थोडे धैर्य लागते. पहिले असे: ‘दुसऱ्या कंत्राटदाराने यापूर्वी माझ्या देखरेखीखाली अन्यत्र काम केले आहे, त्याच्याकडून मला कोणतेही कमिशन नाही.’ ही गोष्ट मालकाला पुढे दुसऱ्याकडून कळली तर सबंध टिपणाचा विश्वास जातो. आधीच सांगितली तर तीच ओळख अनुभव म्हणून उपयोगी पडते.

दुसरे वाक्य शिफारशीच्या विरुद्ध जाणारे आहे. ‘इमारत तीन-चार वर्षांत विकण्याचा किंवा पाडून नवी बांधण्याचा विचार असल्यास ही शिफारस लागू नाही. तसे असेल तर स्लॅबची दुरुस्ती करून वरून लेप द्यावा. तो मार्ग ३,७१,७०० रुपयांत होईल व तेवढ्या काळापुरता भागेल.’ कोबा ओला आहे, सळई अद्याप मजबूत आहे, पहिल्याचा दर अपुरा आहे, हे सर्व व्यवस्थापकाला कळते. इमारतीचे पुढे काय करावयाचे हे मात्र त्याला कळत नाही. ते मालकीणबाईंनाच ठाऊक असते. जे पुण्यात पाहून कळण्याजोगे आहे ते सर्व टिपणाने संपवावे आणि इंदुरास एकच प्रश्न पाठवावा: ‘हे घर आणखी किती वर्षे ठेवावयाचे आहे?’

असे टिपण हाती आले म्हणजे बाईंना गच्चीचे शास्त्र शिकावे लागत नाही. त्या मुलीशी बोलतात, ठेवीची मुदत पाहतात आणि उत्तर लिहितात: ‘घर विकावयाचे नाही. दुसरे काम करावे. सात लाखांची मर्यादा मान्य आहे. परंतु स्वयंपाकघराचे छत फोडीत असता त्या बिऱ्हाडाने राहावयाचे कोठे, हे आपण लिहिले नाही. तळमजल्यावरील मागची खोली रिकामी आहे. ती त्यांना द्यावी, आणि काम चालेल तेवढ्या दिवसांचे भाडे घेऊ नये.’

व्यवस्थापकाचा हिशेब एका ठिकाणी अपुरा राहिला होता. त्याने काँक्रीट मोजले, दिवस मोजले, कर मोजला. ज्यांच्या ओट्यावर तो तुकडा पडला त्यांचे ते दोन महिने मोजावयाचे राहून गेले. बाईंच्या ते ध्यानात आले, याचे एक कारण हे की बाकीच्या कोणत्याही गोष्टीची शंका टिपणाने शिल्लक ठेवली नव्हती. व्यवस्थापकाने उत्तर वाचून खर्चाच्या तक्त्याखाली दोन महिन्यांच्या भाड्याची ओळ वाढविली आणि मागच्या खोलीची किल्ली शोधण्यास माणूस पाठविला.